बेअरिंगचे ठोके

१. गिरणीवाल्याचा प्रश्न

दिवाळी झाली, भात झोडून घरात आले की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या भात गिरण्यांना उसंत नसते. नेमक्या याच दिवसांत एखादी मोटर घरघर करू लागते, गरम होते आणि एका सकाळी जाम होऊन बसते. मिस्त्री येतो, कव्हर उघडतो आणि म्हणतो, "बेअरिंग गेलं." त्यावर गिरणीचा मालक विचारतो, "हे आधी कळलं नसतं का?"

प्रश्न रास्त आहे. लहान मोटरचे बेअरिंग काही शे रुपयांना मिळते. ते वेळेवर बदलले तर काम तासाभराचे. ते फुटेपर्यंत मोटर चालवली तर शाफ्ट हलू लागतो, रोटर स्टेटरला घासतो, वायंडिंग जळते आणि मोटर भरायला कल्याणला पाठवावी लागते. तोवर दारात पोत्यांची रांग लागलेली असते.

बेअरिंग बिघडू लागल्याचे आधी कळते, हे या प्रश्नाचे उत्तर. कधी काही दिवस आधी, कधी काही आठवडे आधी. अनुभवी मिस्त्री स्क्रू ड्रायव्हरचे टोक मोटरच्या कव्हरवर टेकवतो आणि मूठ कानाच्या हाडाला लावतो, तेव्हा तो हेच ओळखत असतो. त्याची पद्धत योग्यच आहे. मात्र तो रोज येत नाही, गिरणीच्या गोंगाटात बारीक आवाज दबतो, आणि मागच्या महिन्यात हीच मोटर कशी वाजत होती हे कानाला नेमके आठवत नाही. या तिन्ही उणिवा कंपन मोजणारा एक सेन्सर आणि थोडे गणित भरून काढू शकतात. ते गणित आपण या प्रकरणात पाहू.

उदाहरणासाठी एकच मोटर घेऊ. गिरणीत खालच्या हौदातले भात वर उचलून नेणारा बादल्यांचा एलिव्हेटर असतो, त्याची दोन हॉर्सपॉवरची तीन फेज मोटर. पाटीवर वेग लिहिलेला, मिनिटाला १४४० फेरे. या मापाच्या मोटरीत पट्ट्याच्या बाजूला सहसा ६२०५ नंबरचे बेअरिंग असते. त्याचे आतले भोक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२ आणि जाडी १५.

२. आत काय बिघडते

बेअरिंगचे चार भाग. शाफ्टवर घट्ट बसलेली आणि त्याच्याबरोबर फिरणारी आतली रिंग, म्हणजे इनर. कव्हरात बसलेली, न फिरणारी बाहेरची रिंग, म्हणजे आउटर. दोन्हींच्या मधल्या खाचेत पळणाऱ्या पोलादी गोळ्या. आणि गोळ्या एकमेकींना लागू नयेत म्हणून त्यांना ठरावीक अंतरावर धरणारा पिंजरा, म्हणजे केज.

प्रत्येक गोळी खाचेवरून जाताना तिथले पोलाद क्षणभर दाबते आणि सोडते. कोट्यवधी वेळा असे झाले की पृष्ठभागाच्या किंचित खाली बारीक तडा जातो, तो वर येतो आणि पोलादाचा एक टवका निघतो. चांगल्या बेअरिंगचे वय असे संपते.

आपल्याकडे मात्र बरीच बेअरिंगे इतकी जगतच नाहीत. भात गिरणी पावसाळ्यात बंद असते. चार महिने मोटर एकाच जागी उभी राहते, हवेतली ओल ग्रीसमध्ये शिरते आणि गोळ्या जिथे टेकलेल्या असतात तिथेच रिंगवर गंजाचे डाग पडतात. असे बेअरिंग उघडले तर हे डाग गोळ्यांच्या अंतराने ओळीत दिसतात. हंगाम सुरू होताच टवके त्या डागांपासूनच निघू लागतात. दुसरा शत्रू कोंड्याची धूळ. पत्र्याच्या झाकणाच्या बेअरिंगमध्ये ती हळूहळू जाते आणि ग्रीसबरोबर मिसळून घासायच्या पेस्टसारखे काम करते. म्हणून गिरणीत दोन्ही बाजूंना रबरी सील असलेले बेअरिंग घालणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पुली हाताने अर्धा फेरा फिरवून ठेवली तरी गोळ्या जागा बदलतात.

३. ठोक्यांचे गणित

समजा, बाहेरच्या रिंगवर एक टवका निघाला. आता प्रत्येक गोळी त्या खड्ड्यावरून जाताना एक ठोका बसेल. सेकंदाला किती ठोके बसतील?

मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २४. बेअरिंगमध्ये नऊ गोळ्या आहेत. पटकन वाटते की ठोके ९ गुणिले २४, म्हणजे २१६. तसे होत नाही, कारण गोळ्या शाफ्टच्या वेगाने फिरत नाहीत. मोठा दगड ओंडक्यांवरून ढकलत नेताना पाहिले असेल, तर दगड दोन हात पुढे गेला की ओंडका एकच हात पुढे जातो. ओंडका खाली स्थिर जमिनीवर टेकलेला आणि वर चालत्या दगडाला लागलेला असतो, म्हणून त्याला निम्मा वेग मिळतो. बेअरिंगमध्ये बाहेरची रिंग जमिनीच्या जागी आहे, आतली रिंग दगडाच्या जागी आणि गोळ्या ओंडक्यांच्या. त्यामुळे गोळ्या आणि त्यांना धरणारा पिंजरा शाफ्टच्या साधारण निम्म्या वेगाने फिरतात. नेमके निम्म्याने नाही, थोडे कमी. आतली रिंग लहान वर्तुळावर फिरते आणि गोळ्यांची केंद्रे तिच्याबाहेरच्या मोठ्या वर्तुळावर, म्हणून फेऱ्यांचा हिशेब आणखी खाली येतो. ६२०५ मध्ये गोळीचा व्यास सुमारे ७.९४ मिलिमीटर आणि गोळ्यांच्या केंद्रांच्या वर्तुळाचा व्यास सुमारे ३९.०४ मिलिमीटर आहे. त्यावरून शाफ्टच्या एका फेऱ्यात पिंजऱ्याचा ०.३९८ फेरा होतो.

एवढे कळले की पुढचे तोंडी गणित आहे. बाहेरच्या रिंगवरचा खड्डा जागचा हलत नाही. शाफ्टच्या एका फेऱ्यात त्याच्यावरून ९ × ०.३९८, दशांश पूर्ण धरले तर ३.५८५ गोळ्या जातात. सेकंदाला २४ फेरे असतील तर ३.५८५ × २४ = ८६ ठोके.

खड्डा आतल्या रिंगवर असेल तर तो स्वतः शाफ्टबरोबर पळतो आणि मागे पडणाऱ्या गोळ्यांना गाठतो. एका फेऱ्यात तो पिंजऱ्यापेक्षा १ − ०.३९८ = ०.६०२ फेरा पुढे जातो. दशांश पूर्ण धरून नऊने गुणले की ५.४१५ ठोके येतात, म्हणजे सेकंदाला १३०.

सेकंदाला किती वेळा, याचे एकक हर्ट्झ. बाहेरच्या रिंगचा दोष ८६ हर्ट्झवर दिसेल, आतल्या रिंगचा १३० हर्ट्झवर. हे दोन आकडे आपण मोटर न उघडता, नुसत्या बेअरिंगच्या नंबरावरून आणि पाटीवरच्या वेगावरून काढले. गोळ्यांची मापे माहीत नसली तरी अंदाज फारसा चुकत नाही. गोळ्यांची संख्या गुणिले ०.४ म्हणजे आउटर, गुणिले ०.६ म्हणजे इनर. नऊ गोळ्यांना ३.६ आणि ५.४ येतात.

या आकड्यांत एक फार उपयोगी गुण आहे. पुली वाकडी असेल, फाउंडेशनचे बोल्ट सैल असतील, तर कंपन बहुधा शाफ्टच्या वेगाच्या पूर्ण पटीत येते. एकपट, दुप्पट, तिप्पट. विजेची गुणगुण आपल्या ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात १०० हर्ट्झवर असते. ३.५८५ ही कशाचीच पूर्ण पट नाही. त्यामुळे तिथे काही उमटले, तर ते बेअरिंगमधूनच आले असण्याची शक्यता फार मोठी.

४. ठोका कुठे लपतो

आता सेन्सरने कंपन मोजले आणि ८६ हर्ट्झवर काय आहे ते पाहिले, तर सुरुवातीच्या बिघाडात तिथे बहुधा काहीच दिसत नाही. पुष्कळ नवशिके इथे नाउमेद होतात.

ठोका फार छोटा असतो आणि क्षणात संपतो. पण त्या क्षणी बेअरिंग आणि भोवतालचे कव्हर आपापल्या स्वरात थरथरतात. हा स्वर उंच असतो, काही हजार हर्ट्झचा, आणि काही मिलिसेकंदांत विरतो. नंतर पुढची गोळी येते आणि पुन्हा तेच. म्हणजे ८६ हा त्या स्वराचा आकडा नाही. तो स्वर सेकंदाला किती वेळा उठतो, त्याचा आकडा ८६ आहे.

म्हणून काम तीन पायऱ्यांत करायचे. आधी खालची सगळी कंपने गाळून फक्त उंच पट्टा ठेवायचा, समजा २००० ते ५००० हर्ट्झ. पुलीवरच्या पट्ट्याचे हादरे, विजेची गुणगुण हे सारे इथेच गळून पडते. मग राहिलेल्या लाटेचा ऋण भाग धन करायचा आणि तिच्या माथ्यांवरून एक मऊ रेघ ओढायची. ही रेघ म्हणजे लाटेचे वेष्टन. प्रत्येक ठोक्याला ती वर जाते आणि खाली येते. शेवटी या वेष्टनाचा वर्णपट काढायचा, म्हणजे कोणत्या हर्ट्झवर त्याची किती ताकद आहे ते पाहायचे. आता ८६ वर टोक उभे राहते आणि बहुधा १७२ वरही, कारण अशा टोकदार ठोक्यांचे पडसाद दुपटीवर, तिपटीवर उमटतात.

५. सेन्सर कोणता आणि कुठे

ज्या उंच स्वरावर सारे अवलंबून आहे, तो सेन्सरला ऐकू आला पाहिजे. छंदाच्या दुकानात सहज मिळणारा एमपीयू ६०५० हा सेन्सर सुमारे २६० हर्ट्झपर्यंतचेच कंपन पुढे जाऊ देतो. एडीएक्सएल ३४५ सेकंदाला ३२०० आकडे देतो, म्हणजे १६०० हर्ट्झपर्यंत पोहोचतो. पुढे गेलेला बिघाड त्याने कळेल, सुरुवातीचा बहुधा निसटेल. एडीएक्सएल १००२ सुमारे ११,००० हर्ट्झपर्यंत जातो. तो महाग आहे, पण माझ्या मते पैसे वाचवायचे असतील तर इतर कुठेही वाचवावेत, इथे नाही. सेकंदाला १२,००० आकडे घेतले की ६००० हर्ट्झपर्यंतचा हिशेब करता येतो.

जागा तितकीच महत्त्वाची. मागच्या पंख्याचा पत्रा स्वतःच खडखडतो, तिथे सेन्सर लावणे व्यर्थ. पट्ट्याच्या बाजूच्या ओतीव कव्हरवर, बेअरिंगच्या शक्य तितक्या जवळ आणि पट्टा शाफ्टला ज्या दिशेला ओढतो त्या बाजूला सेन्सर हवा. गोळ्यांवर सर्वाधिक भार तिथेच असतो आणि ठोकाही तिथेच जोरात बसतो. रंग खरवडून सपाट केलेल्या जागी तो कडक चिकटवावा किंवा स्क्रूने बसवावा. दुहेरी फोम टेप उंच कंपने गिळून टाकते.

६. कंपनाचे तीन आकडे

एका नोंदीत हजारो आकडे असतात. ते सगळे यंत्रापुढे ओतण्याऐवजी त्यांतून थोडेच अर्थपूर्ण आकडे काढायचे. वेष्टनाच्या वर्णपटातून दोन मिळाले, आउटरच्या जागेची ताकद आणि इनरच्या जागेची ताकद. आणखी तीन साध्या गणिताने मिळतात. आठ आठ आकड्यांची दोन खोटी कंपने घेऊन ते करून पाहू.

पहिले कंपन: २, −२, २, −२, २, −२, २, −२
दुसरे कंपन: −१, −१, −१, ५, −१, १, −१, −१

दोन्हींची सरासरी शून्य आहे. आता प्रत्येक आकड्याचा वर्ग करू. पहिल्यात सगळे वर्ग ४, त्यांची सरासरी ४. दुसऱ्यात सात वर्ग १ आणि एक २५, बेरीज ३२, सरासरी पुन्हा ४. त्याचे वर्गमूळ दोन्हीकडे २. हा आकडा म्हणजे आरएमएस, कंपनाची एकूण ताकद. ताकदीवरून दोन्ही कंपने अगदी सारखी ठरतात, पण दुसऱ्यात एक ठोका आहे हे डोळ्यांना सरळ दिसते.

तो पकडायला दुसरा आकडा. कंपनातला सर्वात मोठा आकडा भागिले आरएमएस, याला क्रेस्ट फॅक्टर म्हणतात. पहिल्यात २ ÷ २ = १, दुसऱ्यात ५ ÷ २ = २.५.

तिसरा आकडा कर्टोसिस. त्यात वर्गाऐवजी चौथा घात घेतात, कारण चौथ्या घाताने मोठा आकडा फार मोठा होतो आणि लहान लहानच राहतो. पहिल्यात प्रत्येकाचा चौथा घात १६, सरासरी १६. दुसऱ्यात सात वेळा १ आणि एकदा ६२५, बेरीज ६३२, सरासरी ७९. ही सरासरी आरएमएसच्या चौथ्या घाताने, म्हणजे १६ ने भागायची. पहिल्याचा कर्टोसिस १, दुसऱ्याचा ४.९४. ज्यांना हे संगणकावर करायचे आहे त्यांच्यासाठी एवढाच मजकूर पुरतो:

```python
import numpy as np

def features(x):
    x = x - x.mean()
    rms = np.sqrt(np.mean(x**2))
    crest = np.abs(x).max() / rms
    kurt = np.mean(x**4) / rms**4
    return rms, crest, kurt
```

निरोगी बेअरिंगचे कंपन नुसत्या सरसर आवाजासारखे असते आणि त्याचा कर्टोसिस ३ च्या आसपास येतो. खड्डा पडला की तो वर चढतो.

पण एकट्या कर्टोसिसवर विसंबणाऱ्याची फसगत ठरलेली आहे. खड्डे वाढत जाऊन सगळ्या खाचेवर पसरले, की ठोके एकमेकांत मिसळतात, सारे कंपनच मोठे होते आणि कर्टोसिस पुन्हा ३ कडे उतरतो. बेअरिंग मरायला टेकलेले असते आणि आकडा सुधारलेला दिसतो. आरएमएसचे उलटे आहे. तो सुरुवातीला हलत नाही आणि शेवटी उसळतो. म्हणून दोघे बरोबर लागतात.

अमेरिकेतल्या एका प्रयोगात एका शाफ्टवर चार बेअरिंगे बसवून, मिनिटाला २००० फेऱ्यांनी, ६००० पौंड भाराखाली ती निकामी होईपर्यंत चालवली गेली. दर दहा मिनिटांनी एक सेकंदाची नोंद घेतली. २००४ च्या फेब्रुवारीत झालेली त्यांतली एक फेरी जवळपास सात दिवस चालली आणि एका बेअरिंगची बाहेरची रिंग फुटून संपली. तिचा आलेख शिकवणारा आहे. अर्धा काळ आकडे जवळपास सपाट आहेत, मग कंपन चढते, पुढे मध्येच थोडे उतरते आणि शेवटी एकदम वर जाते. गोळ्या खड्ड्याच्या ताज्या धारा रगडून बोथट करतात, म्हणून असा उतार येतो. "दोन दिवसांपूर्वी आवाज होता, आता गेला" असे गिरणीत कोणी म्हणाले, तर आनंदी होऊ नये.

७. एक मोटर तपासून पाहू

आपल्या एलिव्हेटरच्या मोटरकडे येऊ. हंगामाच्या सुरुवातीला नवे बेअरिंग घालून घेतलेली नोंद आपल्याकडे आहे, असे समजू. आरएमएस ०.३० जी, कर्टोसिस ३.१. इथे जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग. पाच आठवड्यांनी चार सेकंदांची नवी नोंद घेतली. आरएमएस ०.३४, कर्टोसिस ६.२.

पहिले काम खरा वेग शोधणे. पाटीवर १४४० असले तरी तो पूर्ण भाराचा वेग आहे. भार कमी असेल तर मोटर १४९० पर्यंत जाते आणि संध्याकाळी व्होल्टेज पडले की वेगही उतरतो. साध्या वर्णपटात शाफ्टचे टोक २४.५ हर्ट्झवर दिसले, म्हणजे मिनिटाला १४७० फेरे. म्हणून आउटर ३.५८५ × २४.५ = ८७.८ आणि इनर ५.४१५ × २४.५ = १३२.७ हर्ट्झवर शोधायचा. शाफ्टची तिप्पट ७३.५ वर, चौपट ९८ वर. त्यांच्याकडे पाहायचे नाही.

वेष्टनाच्या वर्णपटात ८७.२५ वर टोक आहे आणि १७४.५ वर दुसरे. अपेक्षेपेक्षा अर्धा हर्ट्झ कमी. ते चालते, कारण गोळ्या थोड्या घसरतात, आणि बेअरिंगची बाहेरची मापे जगभर सारखी असली तरी आतल्या गोळ्यांची मापे कंपनीगणिक किंचित बदलतात. म्हणून अपेक्षित जागेच्या दोन टक्के अलीकडे-पलीकडे पाहायचे. १३२ च्या आसपास काही नाही. ८७.२५ वरचे टोक शेजारच्या सरासरीच्या ५.२ पट उंच आहे.

निदान असे. बाहेरच्या रिंगवर दोष, तोही सुरुवातीचा, कारण ठोके स्पष्ट आहेत पण एकूण ताकद फारशी वाढलेली नाही. आजच गिरणी बंद करायची गरज नाही. नवे बेअरिंग आणून ठेवायचे, रोज नोंद घ्यायची आणि गर्दी कमी असेल त्या दिवशी बदलायचे.

८. निर्णयवृक्ष

हे निदान प्रत्येक मोटरसाठी रोज माणसाने करण्याऐवजी एक लहानसा वर्गीकारक करू शकतो. नोंदीतले पाच आकडे द्यायचे आणि त्याने "ठीक", "आउटर" किंवा "इनर" असे उत्तर द्यायचे. मी त्यासाठी निर्णयवृक्ष निवडेन. निर्णयवृक्ष म्हणजे एकामागून एक विचारलेले हो-नाही प्रश्न. ते प्रश्न आपण ठरवत नाही, तो जुन्या नोंदींवरून स्वतः शोधतो.

कसे, ते सहा नोंदींवर पाहू. तीन निरोगी आणि तीन आउटर बिघडलेल्या. कर्टोसिस निरोगींचा २.९, ३.२, ५.१ आणि बिघडलेल्यांचा ४.४, ६.२, ३.४. निरोगीतला ५.१ कुठून आला? त्या वेळी एलिव्हेटरच्या बादलीत खडा आपटत होता. बिघडलेल्यांतला ३.४ म्हणजे खड्डे पसरलेले जुने बेअरिंग. या सहा आकड्यांत कुठेही रेघ मारली तरी दोन गट वेगळे होत नाहीत. आता आउटरच्या जागेची ताकद, म्हणजे तिथले टोक शेजारच्या सरासरीच्या किती पट आहे, ते पाहू. निरोगी १.२, १.५, १.८ आणि बिघडलेल्या ४.६, ५.२, ९.०. इथे १.८ आणि ४.६ यांच्या मध्ये, ३.२ वर, एक रेघ मारली की काम झाले. वृक्ष प्रत्येक आकड्यावर प्रत्येक संभाव्य रेघ मारून पाहतो आणि सर्वांत स्वच्छ वाटणी करणारी निवडतो. मग उरलेल्या गटांत पुन्हा तेच. तीन पायऱ्यांहून खोल जाऊ द्यायचे नाही, नाहीतर तो नोंदी पाठ करू लागतो.

हा वृक्ष ईएसपी ३२ सारख्या स्वस्त नियंत्रकावरही चालतो, इंटरनेट लागत नाही. आणि तो "आउटरची ताकद ३.२ च्या वर" असे कारण दाखवतो. मिस्त्रीला ते पटवून घेता येते किंवा खोडता येते.

खोट्या हाकांची काळजी मात्र घ्यावी लागते. दिवसाला दहा नोंदी घेतल्या तर शंभर दिवसांच्या हंगामात हजार होतात. वृक्ष शंभरात दोनदा चुकून "बिघाड" म्हणाला, तर हंगामात वीस खोट्या हाका. तिसऱ्या हाकेनंतर कोणी लक्ष देणार नाही. म्हणून एका नोंदीवर दिवा लावायचा नाही. लागोपाठ तीन नोंदींत तेच उत्तर आले, तरच लावायचा. बादलीतला खडा तीन तास आपटत राहत नाही, रिंगवरचा खड्डा जात नाही.

गोळीवरचा दोष मी या वृक्षात घेतलेला नाही. गोळी सतत कलत फिरते, तिच्यावरचा खड्डा कधी रिंगला लागतो, कधी नाही. त्याचे निदान इतके विश्वासार्ह होत नाही. कर्टोसिस आणि आरएमएस वाढले आणि आउटर-इनर दोन्ही शांत असतील, तर "पाहून घ्या" एवढेच सांगावे.

९. नव्व्याण्णव टक्क्यांची फसवणूक

या विषयावर जगात सर्वाधिक वापरली गेलेली माहिती ओहायोतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाची आहे. ती सर्वांना मोफत मिळते. योगायोग असा की तिथली मोटरही दोन हॉर्सपॉवरची आणि भाराच्या बाजूचे बेअरिंगही ६२०५. तिथली वीज ६० हर्ट्झची, म्हणून वेग मिनिटाला १७३० ते १७९७. संशोधकांनी विजेच्या ठिणगीने बेअरिंगमध्ये ०.००७, ०.०१४, ०.०२१ इंच व्यासाचे, म्हणजे साधारण ०.१८, ०.३६ आणि ०.५३ मिलिमीटरचे खड्डे पाडले आणि शून्य ते तीन हॉर्सपॉवरच्या चार भारांवर नोंदी घेतल्या.

या नोंदींवर ९९ टक्के, कधी १०० टक्के अचूकता मिळाल्याचे लेख ढिगाने आहेत. त्यांतल्या अनेकांत परीक्षाच चुकीची घेतलेली असते. एका लांब नोंदीचे शंभर तुकडे करायचे, ते पिसायचे, ऐंशी शिकायला द्यायचे आणि वीस परीक्षेला. परीक्षेतला प्रत्येक तुकडा शिकलेल्या तुकड्याचा सख्खा शेजारी असतो. तेच बेअरिंग, तोच खड्डा, तीच बसवणूक. वर्गीकारक दोष ओळखायला शिकलेला नसतो, त्या एका बेअरिंगचा आवाज ओळखायला शिकलेला असतो. भारानुसार वाटणी केली तरी गळती राहते, कारण चारही भारांवर बेअरिंग तेच होते. निदान एका मापाचे खड्डे पूर्ण बाजूला ठेवून परीक्षा घेतली, तर आकडा खाली येतो आणि तोच खरा असतो. वेड स्मिथ आणि रॉबर्ट रँडॉल यांनी २०१५ मध्ये या साऱ्या नोंदी एकेक करून जुन्या, समजण्याजोग्या पद्धतींनी तपासल्या, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच नोंदींत, विशेषतः गोळीच्या दोषांच्या, ठरलेल्या जागी स्पष्ट खूण मिळालीच नाही. जिथे खूणच अंधुक आहे तिथे शंभर टक्के मिळत असतील, तर शंका घेणे भाग आहे.

गिरणीसाठी नियम सोपा आहे. तुमच्याकडे पाच मोटरींच्या नोंदी असतील, तर चार मोटरींवर वृक्ष शिकवा आणि पाचवीवर तपासा. मग दुसरी बाहेर काढा, असे पाचही वेळा करा. एका मोटरीच्या नोंदी दोन्हीकडे कधीही जाऊ देऊ नका. शिवाय आरएमएस तसाच न देता त्या मोटरीच्या सुरुवातीच्या आरएमएसने भागून द्या, कारण सिमेंटच्या पायावरची आणि पत्र्याच्या टेबलावरची मोटर निरोगी असतानाही वेगवेगळी हलते.

१०. उत्तर कोण लिहिणार

सेन्सर लावणे आणि आकडे काढणे एका शनिवार-रविवारचे काम आहे. दुर्मीळ असते ते उत्तर. ही नोंद "आउटर" ची आहे हे आपल्याला कोणी सांगितले? मिस्त्री म्हणतो "बेअरिंग गेलं", पण कुठे गेले ते न पाहताच जुने बेअरिंग भंगाराच्या डब्यात टाकतो. मग वृक्षाला शिकवायला नाव लावलेली नोंदच उरत नाही.

शहापूर-मुरबाडमध्ये ज्यांना हे करून पाहायचे आहे, त्यांना माझे सांगणे इतकेच आहे. बदललेले बेअरिंग फेकू नका. चष्मा घालून बाहेरची रिंग ग्राइंडरने कापा, गोळ्या काढा, ग्रीस रॉकेलने धुवा आणि दोन्ही खाचा उजेडात फिरवून पाहा. टवका कोणत्या रिंगवर आहे, किती मिलिमीटरचा आहे, गंजाचे डाग ओळीत आहेत का, हे मोटरीचे नाव आणि तारीख घालून वहीत लिहा. अशी दहा-बारा बेअरिंगे वहीत आली, की वृक्षाला शिकवायला सुरुवात करा.